‘बुध 19:00 सोडला’: सोसायटीच्या हॉलचे तास वाटून घेणारा संदेश कसा लिहिला

जुळे सोलापूर भागातल्या आमच्या सोसायटीत एकच हॉल आहे, साधारण 60 बाय 30 फुटांचा. बॅडमिंटनच्या दुहेरीचं कोर्ट 13.40 बाय 6.10 मीटर असतं. ते मधोमध आखलं की चारी बाजूंना जेमतेम फिरण्यापुरती जागा उरते. याच फरशीवर सकाळी बायकांचा योगवर्ग होतो, गुरुवारी भजनी मंडळ बसतं, संध्याकाळी मुलं खेळतात आणि अधूनमधून बारसं किंवा साखरपुडाही होतो. तासांची वाटणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच करायची, वेगळं अ‍ॅप घ्यायचं नाही, हे ठरलं होतं. प्रश्न होता तो संदेशाचा. काय लिहायचं, कोणत्या क्रमानं लिहायचं, आणि घेतलेला तास वापरायचा नसेल तर तो वेळेत कसा सुटावा?

आमच्यातल्या काहींनी क्रीडा मंडळांत आणि क्लबांत कोर्टाच्या नोंदी सांभाळल्या आहेत. त्यामुळे एक गोष्ट माहीत होती: तक्रार ‘तास मिळत नाही’ अशी येते, पण हॉलमध्ये डोकावलं तर बऱ्याचदा तो रिकामा असतो. यादीत नाव असतं, माणूस नसतो. म्हणून वाटपाचे नियम लिहायच्या आधी आम्ही वॉचमनमामांच्या वहीत एक रकाना वाढवला. किल्ली किती वाजता नेली आणि किती वाजता परत आली, एवढंच त्यात लिहायचं. काही आठवड्यांनी वही आणि ग्रुपवरच्या याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सगळ्यात जास्त मागणी संध्याकाळी 7 आणि 8 च्या तासांना होती, आणि न सांगता रिकामे गेलेले तासही तेच जास्त होते. कारण सरळ आहे. ज्या तासाची चणचण असते तो लोक ‘असू दे हाताशी’ म्हणून धरून ठेवतात. संध्याकाळी 5 चा तास कुणी धरून ठेवत नाही.

म्हणजे नवा संदेश ‘तास कसा घ्यायचा’ यापेक्षा ‘तास कसा सोडायचा’ यासाठी लिहायला हवा होता. तास सोडणं हे गप्प बसण्यापेक्षा सोपं आणि फायद्याचं व्हायला हवं. पुढचं जवळजवळ सगळं त्यातूनच ठरत गेलं.

आधी हिशेब. सकाळी 6, 7, 8 आणि संध्याकाळी 5 ते 10 असे पाच, म्हणजे दिवसाला आठ तास, आठवड्याला 56. त्यातून सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 चा योगवर्ग वजा केला, म्हणजे 5 गेले. संध्याकाळी 5 चा तास सोमवार ते शनिवार मुलांचा, फक्त गुरुवारी भजनी मंडळाचा, म्हणजे आणखी 6. खेळायला उरले 45. प्रत्येक तास दोन घरांच्या नावावर असतो, म्हणून 90 पाळ्या झाल्या. खेळणारी घरं साधारण 30, तेव्हा घरटी आठवड्याला 3 पाळ्या बसतात. पण गर्दीचे तास, म्हणजे संध्याकाळी 7 आणि 8, आठवड्यात 14 च आहेत. त्यांच्या पाळ्या 28 आणि घरं 30. म्हणून मर्यादा अशी ठरली: घराला आठवड्यात 3 तास, त्यातला गर्दीचा एकच. हा आकडा बैठकीत रेटारेटी करून ठरवला असता तर टिकला नसता. वहीतून आला म्हणून कुणी वाद घातला नाही.

तास दोन घरांच्या नावावर का, हेही सांगायला हवं. एकाच नावावर दिला की चौघांचा ठरलेला गट आळीपाळीनं नावं टाकतो. सोमवारी एकाचं, मंगळवारी दुसऱ्याचं, बुधवारी तिसऱ्याचं. कागदावर कुणाचीच मर्यादा ओलांडली जात नाही, पण तेच चौघे रोज 7 वाजता कोर्टावर असतात. दोन घरं लिहिली आणि दोघांच्याही खात्यातून एक-एक तास कमी केला की ही पळवाट बरीचशी बुजते. चारही घरं लिहायला लावली तर नोंद करणंच किचकट होतं. चौथा खेळाडू ऐन वेळी ठरतो आणि यादी रोज खोटी पडते.

आता संदेशाची भाषा. बहुतेक घोळ शब्दांतूनच होतात. ‘उद्या 7 ला येणार नाही’ असं एखाद्या काकांनी रात्री 12 वाजून 10 मिनिटांनी टाकलं तर ‘उद्या’ म्हणजे नेमका कोणता दिवस? आणि 7 सकाळचे की संध्याकाळचे? म्हणून ‘आज’, ‘उद्या’, ‘परवा’ हे शब्द नोंदीत चालणार नाहीत असं ठरलं. वार लिहायचा. यादी एकाच आठवड्याची असल्यामुळे वार पुरतो, तारखेची गरज पडत नाही.

वेळ कशी लिहायची यावर बराच खल झाला. ‘स7’ आणि ‘सं7’ ही सुटसुटीत पद्धत आधी सुचली, पण दोन्हींत फरक फक्त एका टिंबाचा. छोट्या पडद्यावर आणि चाळिशीच्या चष्म्यातून तो अनुस्वार दिसत नाही, आणि घाईत टाइप करताना तो राहूनही जातो. तासांना 1 ते 8 क्रमांक द्यावेत असंही कुणी म्हणालं, पण 6 क्रमांकाचा तास म्हणजे सकाळचे 6 असं वाटणारच. रेल्वेची वेळ मात्र इथं सगळ्यांना कळते. नुसतं ‘बुध 19’ लिहिलं तर ते 19 तारखेचा बुधवार असंही वाचलं जातं, म्हणून मागं दोन शून्यं लावली: ‘बुध 19:00’. ही वेळ आहे हे बघताक्षणी कळतं, आणि ग्रुपवर शोधायचं झालं तर एवढी चार अक्षरं टाकली की त्या तासाचा सगळा इतिहास समोर येतो.

नावाऐवजी घर क्रमांक, हा तिसरा निर्णय. एका घरातून कधी वडील लिहितात, कधी मुलगी. खातं घराचं आहे, तेव्हा ‘ए-204’ लिहिलं की पुरे. आणि क्रियापदं दोनच: ‘सोडला’ आणि ‘घेतला’. सोलापुरात एकाच मजल्यावर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी घरं असतात. त्यामुळे वार, आकडे आणि हे दोन शब्द एवढ्यावर व्यवहार आटोपला तर कुणालाच अडचण येत नाही. ज्यांना टाइप करायचा कंटाळा आहे ते बोलून व्हॉइस मेसेज पाठवतात. तो चालतो, पण यादी सांभाळणाऱ्यानं ऐकून तीच ओळ लगेच लिहून टाकायची. बोललेला संदेश शोधता येत नाही आणि दहा जण तो ऐकतही नाहीत.

यादी कुणी बदलायची, हा सगळ्यात नाजूक भाग. अनेक ग्रुपांत पद्धत अशी असते की यादी कॉपी करायची, आपलं नाव घालायचं आणि पुन्हा पाठवायची. तिथंच यादी फुटते. ए-204 नं 8 वाजून 1 मिनिटानं कॉपी केली, सी-101 नंही तीच यादी त्याच मिनिटाला कॉपी केली. दोघांनी आपापलं नाव घालून पाठवली. सी-101 ची यादी नंतर आली, तिच्यात ए-204 नाहीच. पुढचा माणूस शेवटची यादी कॉपी करतो, आणि ए-204 चं नाव कुणीही न खोडता गायब होतं. यात कुणाची लबाडी नसते, म्हणूनच भांडण जास्त होतं. ग्रुपवरचं मतदानही इथं कामाचं नाही. त्यात 12 च पर्याय घालता येतात आणि एका पर्यायावर दोनच मतं असा आळा घालता येत नाही, त्यामुळे 19:00 वर नऊ घरं मत टाकून मोकळी होतात. संदेश पाठवल्यावर तो दुरुस्त करायला 15 मिनिटंच मिळतात, म्हणून एकच यादी दिवसभर सुधारत राहणंही जमत नाही.

यावर उपाय असा की यादीला कुणीही हात लावायचा नाही. घरांनी फक्त आपली ओळ टाकायची, आणि यादी बनवायची ती एकाच माणसानं. त्याला आम्ही यादीवाला म्हणतो. दर महिन्याला दोघे जण पाळीनं ते काम करतात, एक बाहेरगावी गेला तर दुसरा असतो. यादीवाल्यानंही स्वतःसाठी तास हवा असेल तर इतरांसारखीच ओळ ग्रुपवर टाकायची, परस्पर यादीत नाव घालायचं नाही. दोन ओळी एकाच मिनिटाला आल्या तर यादीवाल्याच्या फोनवर जी वर दिसेल ती पहिली. हे आधीच लिहून ठेवावं लागतं, कारण प्रत्येकाला आपल्या फोनवर आपलाच संदेश आधी गेलेला दिसतो. संदेशाशेजारी घड्याळाची खूण असेल तर तो अजून फोनमध्येच अडकलेला आहे, पोचलेला नाही. हॉलच्या मागच्या बाजूला रेंज जाते तिथं हे हमखास घडतं.

आता सोडण्याचा नियम. त्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि तिन्हींत फरक ठेवला आहे.

पहिली, वेळेत सोडला तर. सकाळचा तास आदल्या रात्री 21:00 पर्यंत, संध्याकाळचा त्याच दिवशी 16:00 पर्यंत. तोवर सोडला तर तो तास घराच्या खात्यात परत जमा होतो, जणू घेतलाच नव्हता. ‘तीन तास आधी’ असं लिहिलं नाही, कारण मग प्रत्येक तासाची मुदत वेगळी निघते आणि प्रत्येकानं मनात वजाबाकी करायची. घड्याळातल्या दोन ठरलेल्या वेळा लक्षात राहतात. रात्री 21:00 यासाठी की सकाळी खेळणाऱ्याला गजर लावायचा की नाही हे झोपण्याआधी कळायला हवं. 16:00 यासाठी की कामावर असलेल्या माणसाला चार जण जमवायला आणि घरी निरोप द्यायला दोन-तीन तास लागतात.

दुसरी, मुदतीनंतर पण तास सुरू व्हायच्या आधी सोडला तर. तास खात्यात परत मिळत नाही, पण गैरहजेरीही लागत नाही. ही मधली पायरी नसेल तर 16:05 ला अडचण आलेला माणूस विचार करतो की आता सांगून काय उपयोग, आणि गप्प बसतो. वापरला नाही तरी तास वायाच जाणार आहे, मग निदान दुसऱ्याला तरी मिळू दे, एवढं त्याला सुचायला हवं. ते सुचावं म्हणून सांगण्याला आणि न सांगण्याला वेगळा भाव द्यावा लागतो. मुदतीनंतर सुटलेला तास जो घेईल त्याच्या तीन तासांतून तो कापला जात नाही, म्हणून घेणारेही तत्पर असतात. दोन मित्रांनी संगनमत करून एकमेकांसाठी उशिरा तास सोडायचे, अशी शंका बैठकीत आली होती. पण सोडणाऱ्याचा तास जातोच, त्यामुळे त्या युक्तीत फुकट काहीच मिळत नाही.

तिसरी, न सांगता आलाच नाही तर. तास सुरू होऊन 10 मिनिटं झाली आणि दोन्ही घरांपैकी कुणी नाही, तर हॉलवर जो हजर आहे त्यानं खेळायला सुरुवात करायची. त्यानं रिकाम्या कोर्टाचा एक फोटो ग्रुपवर टाकायचा, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असा, आणि ‘बुध 19:00 रिकामा, बी-302 घेतला’ एवढं लिहायचं. फोटोत माणसं नकोत, कोर्ट आणि घड्याळ पुरे. 19:15 ला मूळ घर आलं तरी तास परत मागायचा नाही. 10 मिनिटं का? नेट बांधायला, फरशी पुसायला आणि योगवर्गाच्या चटया उचलायला पाच मिनिटं तशीही जातात. पाच मिनिटांची सूट जाचक होते, आणि 15 मिनिटं थांबायचं म्हटलं तर वाट बघणाऱ्याला पाऊणच तास उरतो.

अशी गैरहजेरी 30 दिवसांत दोनदा झाली तर त्या घरानं पुढचे दोन आठवडे नोंद एक दिवस उशिरा करायची, शनिवारी 20:00 ऐवजी रविवारी 20:00 नंतर. दंड आकारावा असं अनेकांचं म्हणणं होतं. आम्ही त्याला ठाम विरोध केला. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तेव्हा उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. पालकांनी दंडाला उशिराचं भाडं मानलं. हॉलच्या बाबतीतही 50 रुपये भरून 7 चा तास अडवून ठेवणं काही घरांना परवडणारंच आहे. नोंदीत मागं ढकललं जाणं मात्र सगळ्या घरांना सारखंच लागतं.

आणि एक वाक्य, ज्याला आम्ही या संदेशाचा कणा मानतो: कारण लिहू नका. सोडताना कारण द्यावं लागलं की लोक संकोचतात. घरात आजारपण असेल, भांडण असेल, नुसता कंटाळा असेल, ते ग्रुपवर कोण सांगेल? मग ते ‘बघू, जमलं तर जाऊ’ म्हणत बसतात आणि तास बुडतो. कुणी कारण लिहिलंच, तर यादीवाल्यानं त्यावर काही न बोलता फक्त ‘नोंद झाली’ लिहायचं. ‘परत असं करू नका’ असा एक शेरा पडला की पुढच्या वेळी तिघं गप्प बसतात.

पाठवला तो संदेश असा. व्हॉट्सअ‍ॅप लांब संदेश मध्येच तोडतं आणि पुढचं वाचायला दाबावं लागतं. बरेच जण दाबत नाहीत, म्हणून सोडण्याचा नियम सगळ्यात वर ठेवला आहे. तारका-खुणांमधला मजकूर ग्रुपवर ठळक दिसतो.

```
*हॉलचे तास*
*येणार नसाल तर एक ओळ टाका. कारण लिहू नका.*
बुध 19:00 ए-204 सोडला
*सुटलेला तास हवा असेल तर*
बुध 19:00 बी-302 घेतला

सकाळचा तास आदल्या रात्री 21:00 पर्यंत,
संध्याकाळचा त्याच दिवशी 16:00 पर्यंत
सोडला तर तो तुमच्या खात्यात परत.
नंतर सोडला तर परत नाही, पण गैरहजेरीही नाही.
10 मिनिटांत दोन्ही घरांतलं कुणी आलं नाही तर
हजर असलेल्यांनी खेळावं.
30 दिवसांत दोनदा न कळवता गैरहजर:
पुढचे 2 आठवडे नोंद रविवारी 20:00 नंतर.

नोंद दर शनिवारी 20:00 पासून, दोन घरं मिळून:
बुध 19:00 ए-204 + सी-101
एका घराला आठवड्यात 3 तास.
19:00 आणि 20:00 मिळून एकच.
यादी कॉपी करू नका. यादीवाले रोज 21:05 ला टाकतील.
```

हा संदेश 30 दिवसांसाठी पिन करता येतो. रोजची यादी वेगळी: फक्त दुसऱ्या दिवसाचे आठ तास, आठ ओळी. 21:05 यासाठी की सकाळचे तास सोडायची मुदत 21:00 ला संपते.

एक बुधवार घेऊन बघू. 19:00 चा तास ए-204 आणि सी-101 यांच्या नावावर आहे. दुपारी 15:20 ला ए-204 ला कळलं की जमत नाही. त्यांनी ओळ टाकली: ‘बुध 19:00 ए-204 सोडला’. सी-101 नं काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे ते येणार आहेत. सुटली आहे ती अर्धी जागा, दोन खेळाडूंची. यादीवाल्यानं लिहायचं, ‘बुध 19:00 – 2 जागा’. 15:31 ला बी-302 नं ‘घेतला’ टाकलं आणि त्याच मिनिटाला बी-105 नंही. यादीवाल्याच्या फोनवर बी-302 वर आहे. त्यानं पक्कं केलं, ‘बुध 19:00 सी-101 + बी-302’, आणि बी-105 ला लिहिलं की पुढची जागा सुटली तर कळवतो. ए-204 चा तास खात्यात परत गेला. त्यांच्या वाट्याचा गर्दीचा तास मोकळा झाला, म्हणून तेच घर शुक्रवारी 20:00 सुटला तर तो घेऊ शकतं. बी-302 च्या तीनांतला एक मात्र कापला गेला, कारण तो 16:00 च्या आधी सुटला होता.

हीच ओळ ए-204 नं 18:20 ला टाकली असती, तर त्यांचा तास गेला असता आणि बी-302 ला तो तीनांबाहेरचा मिळाला असता. आणि काहीच टाकलं नसतं तर? सी-101 चे दोघं 19:00 ला हजर असते, म्हणून तास रिकामा धरता आला नसता. 10 मिनिटांनंतर तिथं बसलेल्या कुणीही दोघांनी त्यांच्याबरोबर खेळायचं, आणि गैरहजेरी फक्त ए-204 ला लागायची. ‘मी घेतो’ एवढंच लिहिणारेही असतात. दोन तास एकदम सुटलेले असतील तर त्यांनी कोणता घेतला हे कळत नाही. अशी ओळ यादीवाल्यानं धरायची नाही, वेळ लिहून पुन्हा टाकायला सांगायचं. अंदाजानं धरली की दुसरा दावेदार बरोबर चिडतो.

किल्ली वॉचमनमामांकडे असते आणि ते ग्रुपवर नाहीत. म्हणून 21:05 ची यादी छापून किंवा मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या टेबलावर जायला हवी. दिवसा झालेला प्रत्येक बदल यादीवाल्यानं फोन करून सांगायचा आणि मामांनी पेन्सिलनं दुरुस्त करायचा. हा दुवा सुटला की ग्रुपवर सगळं चोख असतं आणि दारात मात्र ए-204 चं नाव बघून बी-302 ला किल्ली मिळत नाही. दुसऱ्या ठिकाणी ही पद्धत वापरणाऱ्यांनी आधी किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघावं. खरा ताबा तिथंच असतो.

सोलापूरपुरत्या काही गोष्टी वेगळ्या धराव्या लागल्या. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड पाळी असते, आणि पाळीची वेळ पुढंमागं होते. संध्याकाळी 7 ला पाणी येणार असं कळलं की अर्धी इमारत टाक्या भरण्यात गुंतते. त्या दिवशी 18:50 ला सोडलेला तासही वेळेत सोडलेला धरायचा, खात्यात परत करायचा. लाईट गेली तर तासच झाला नाही, दोन्ही घरांना परत. लाईटशिवाय शटल दिसत नाही, आणि उन्हाळ्यात पंखा नसताना कुणी बसूही शकत नाही. खेळताना पंखे बंदच ठेवावे लागतात, नाहीतर शटल वाहून जातं. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली 17:00 चा तास कुणी मागत नाही आणि मुलांनाही त्या वेळी आत पाठवू नये. तेव्हा मुलांचा तास 18:00 ला सरकतो आणि सकाळची सुरुवात 05:30 ला होते. तास अर्ध्यावर सुरू झाले की ‘05:30’, ‘06:30’ असंच लिहायचं. जुन्या सवयीनं ‘06:00’ लिहिलेली ओळ परत पाठवायची.

कार्यक्रमांसाठी हॉल द्यायचा तर आठ दिवस आधी सांगावं, म्हणजे शनिवारच्या नोंदीआधी ते तास यादीतून काढता येतात. नोंद झाल्यावर बारशासाठी तास मागितला तर त्या दोन घरांची संमती लागते, आणि त्यांना तो परत मिळतो. दुःखाचा प्रसंग असेल तर कसलीही सूचना लागत नाही. यादीवाला त्या दिवसाचे सगळे तास रद्द करतो आणि कुणाचाच तास कापला जात नाही. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत बाहेरगावचे पाहुणे उतरतात, तेव्हा त्या आठवड्याची नोंदच ठेवलेली नाही. जो तास मोकळा असेल तो हजर असेल त्याचा.

पिनची मुदत 30 दिवसांची आहे, ती संपली की संदेश वरून आपोआप निघून जातो आणि नव्या भाडेकरूला नियम दिसतच नाहीत. यादीवाल्यांची पाळी 1 तारखेला बदलते. नव्या यादीवाल्यानं पहिलं काम म्हणून तोच संदेश पुन्हा पिन करायचा, आणि वेळापत्रक बदलायचा महिना असेल तर पिन करण्याआधी त्यातल्या वेळा नीट तपासायच्या.